सल्ला सदर : लेकराच्या अंगाला चिकटलेली गोचीड चिमट्यानं कशी काढायची?

प्रश्न : आमच्या घरी गुरं आहेत, दारात कुत्रा आहे. या पावसाळ्यात सात वर्षांच्या पोराच्या अंगावर दोनदा गोचीड निघाली. पहिली मांडीवर होती. सासूबाईंनी आधी रॉकेल लावलं, मग उदबत्तीचा चटका दिला. कातडी भाजली, गोचीड तशीच. दुसरी कानामागे होती. ती यांनी बोटांनी ओढली तर फुटली आणि तोंड आतच राहिलं. पंधरा-सोळा दिवस झाले, तिथं अजून बारीक गाठ लागते. पोराला ताप वगैरे आला नाही. आता बारीक टोकाचा चिमटा आणून ठेवला आहे. तो कसा धरायचा, सरळ ओढायचं की फिरवून? काढल्यावर काय लावायचं, आणि दवाखान्यात कधी न्यायचं?
— एक आई, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आधी त्या गाठीचं सांगतो, म्हणजे जिवाला लागलेला घोर कमी होईल. कातडीत राहिलेला तोंडाचा तुकडा मेलेला असतो. तो पुन्हा वाढत नाही आणि रक्तही पीत नाही. शरीर त्याला बारीक काट्यासारखं वागवतं, भोवती सूज धरतं आणि हळूहळू वर ढकलून देतं. त्यामुळे मुगाएवढी टणक, थोडी खाजणारी गाठ काही आठवडे राहू शकते. सुईनं कोरू नका, नखानं पिळू नका. कोरल्यानं तुकडा निघायचा राहतो आणि जखम मात्र पिकते. रोज आंघोळीच्या वेळी साबण-पाण्यानं धुणं पुरेसं आहे. गाठ वाढत असेल, लाल होऊन दुखत असेल, पू आला किंवा दोन महिन्यांनीही तशीच राहिली, तर डॉक्टरांना दाखवा. ते जागा बधिर करून पाच मिनिटांत काढून देतात.

आता चिमट्याकडे वळू. त्याआधी गोचीड कातडीत कशी बसते ते समजून घ्या, म्हणजे बाकीच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागणार नाहीत. तिच्या तोंडाच्या मधोमध एक चपटी सोंड असते. तिच्यावर मागच्या बाजूला वळलेले बारीक दाते असतात. सोंड आत सहज शिरते, बाहेर येताना दाते अडतात. शिवाय बऱ्याच जातींच्या गोचिडी लाळेतून एक चिकट द्रव सोडतात, तो सोंडेभोवती घट्ट होतो आणि तिला कातडीत पक्की बसवतो. याच लाळेत जागा बधिर करणारे घटक असतात, म्हणून चावलेलं पोराला कळत नाही. वर जे फुगलेलं दिसतं ते नुसतं पोट आहे. धरून ठेवणारा भाग कातडीला टेकलेला, जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. चिमटा तिथं लागला तर काम झालं. पोटावर लागला तर गोचीड फुटते, आणि तुमच्याकडे तेच झालं.

रॉकेल आणि चटका का चालले नाहीत, तेही यातच आहे. गोचिडीचा श्वास अगदी संथ असतो, त्यामुळे रॉकेल, तेल किंवा व्हॅसलीननं ती लवकर गुदमरत नाही. आणि चिकट पदार्थात जखडलेली सोंड तिला मनात आलं म्हणून लगेच सोडवता येत नाही. अमेरिकेत 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हॅसलीन, नखांची पॉलिश, स्पिरिट आणि पेटती काडी हे चारही उपाय करून पाहिले होते. एकानंही गोचीड सुटली नाही. शिवाय चटक्यानं किंवा दाबानं तिच्या पोटातलं द्रव जखमेत उलटण्याची भीती असते. सासूबाईंचा हेतू चांगला होता आणि हा उपाय गावोगाव करतात, त्यांना दोष देऊ नका. पण यापुढे रॉकेलची बाटली आणि उदबत्ती दोन्ही दूर ठेवा.

चिमटा बरोबर आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. त्यानं स्वतःच्या हातावरचा एकच केस धरून पाहा. केस घट्ट धरला गेला, तर दोन्ही टोकं नीट मिळतात. निसटला, तर तो चिमटा या कामाचा नाही. ब्यूटी पार्लरमधल्या प्लकरची टोकं रुंद आणि तिरपी असतात, ती पोटावरच बसतात. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तसा निमुळत्या टोकाचा चिमटा चांगला, फक्त टोक सुईसारखं अणकुचीदार नको, ते गोचिडीला भोसकतं. वापरण्याआधी टोकं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्या. जवळ चार गोष्टी मांडून ठेवा : बॅटरी, कापूस, पोव्हिडोन आयोडीनची बाटली आणि झाकणाच्या लहान बाटलीत बोटभर स्पिरिट.

कानामागची जागा अवघड आहे, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. इथं जमलं की मांडी-पाठ सोपी जाते. पोराला कुशीवर निजवा, डोकं एखाद्या मोठ्या माणसाच्या मांडीवर असू द्या आणि त्या माणसानं कपाळ व हनुवटी धरावी. दुसऱ्यानं बॅटरी धरावी. केस पाण्यानं ओले करून बाजूला सारा आणि क्लिप लावा. ब्लेडनं भादरू नका, ब्लेडच गोचिडीवर फिरतं. कानाची पाळी पुढे वळवून धरा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गोचिडीपासून बोटभर अंतरावर कातडी हलकी ताणून धरा. बोटं जवळ आणून पोट दाबायचं नाही. उजव्या हाताची करंगळी पोराच्या डोक्यावर टेकवा. तो दचकून हलला तर तुमचा हातही त्याच्याबरोबर हलेल आणि चिमट्याला झटका बसणार नाही. हे टेकवणं क्षुल्लक वाटतं, पण लहान मुलांच्या बाबतीत निम्म्या गोचिडी याच झटक्यानं तुटतात असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही कोन विचारलात. इथं दोन वेगळ्या दिशा आहेत आणि लोकांची गल्लत नेमकी तिथंच होते. चिमटा धरायची दिशा एक, ओढायची दिशा दुसरी.

धरताना चिमटा कातडीवर जवळजवळ आडवा ठेवा. टोकं कातडीला घासत आणा आणि गोचिडीच्या दोन्ही बाजूंनी, पोटाच्या खाली, जिथं ती कातडीत शिरली आहे तिथं मिटा. वरून, उभा चिमटा घातला की मधे पोट येतं आणि तेच पकडलं जातं. रक्त पिऊन फुगलेली असेल तर मागून तोंड दिसतच नाही. तेव्हा डोक्याच्या बाजूनं चिमटा आत सरकवा. टोकांमधे थोडी कातडी येते आहे असं वाटलं तर सैल करून पुन्हा धरा. पण किंचित कातडी चिमटली गेली तरी चालेल, पोट चिमटलं जाऊ देऊ नका. पकड घट्ट हवी, पण इतकी नको की टोकं एकमेकांत घुसून मान कापली जाईल.

ओढायचं मात्र कातडीशी काटकोनात, सरळ वर. कान पुढे वळवलेला असला तर ‘वर’ म्हणजे छताकडे नव्हे, त्या जागच्या कातडीपासून सरळ बाहेर. बाजूला ओढलं की सोंडेवर आडवा ताण येतो, दाते एका अंगानं अडकतात आणि सोंड मानेपाशी मोडते. फिरवूनही काही मिळत नाही, कारण दाते मागे वळलेले असतात, त्यांना स्क्रूसारखे आटे नसतात. बाजारात गोचीड काढायचे प्लास्टिकचे हुक मिळतात, त्यातले काही फिरवायचे असतात. त्यांची बनावट वेगळी आहे, ती रीत चिमट्याला लावू नका.

आणि सावकाश ओढा. सारखा ताण दिला की कातडी लहान तंबूसारखी वर उचलली जाईल. तिथंच थांबा. ताण वाढवू नका, सोडूही नका, मनात साठपर्यंत अंक मोजा. बहुतेक वेळा एवढ्यात चिकट पकड सुटते आणि गोचीड अख्खी चिमट्यात येते. नाही सुटली तर आणखी एक मिनिट तसंच धरा. चिमटा निसटला तर पहिल्यापेक्षा खाली, कातडीला आणखी लागून धरा. नुकतीच चिकटलेली, चपटी गोचीड लगेच येते. दोन-तीन दिवसांची जास्त वेळ घेते. पायांवर पांढरट पट्टे असलेली मोठी, तपकिरी गोचीड दिसली तर तिची सोंड लांब असते, तिला जास्त धीर धरावा लागतो. गुरांभोवती ही जात सापडते.

घरी चिमटा नसेल, वावरात असाल आणि परत यायला संध्याकाळ होणार असेल, तर चिमट्यासाठी थांबू नका. बोटांना प्लास्टिकची पिशवी किंवा जाड कापड गुंडाळा, नखांची टोकं कातडीला टेकवून धरा आणि त्याच रीतीनं सरळ वर ओढा. गोचीड जितका वेळ आत, तितका आजाराचा धोका जास्त. म्हणून लवकर काढणं हे नीटनेटकं काढण्यापेक्षाही मोठं आहे. तोंड तुटलं तर तुटलं.

निघालेली गोचीड लगेच स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखानं चिरडणं, दगडानं ठेचणं, चुलीत टाकून फटकन फुटलेली पाहणं, हे सगळं गावात चालतं आणि ते बंद व्हायला हवं. तिच्या रक्तात जंतू असू शकतात. ते बोटावरच्या चिरेतून, डोळ्यातून शरीरात जातात. क्रिमियन-काँगो नावाचा रक्तस्रावी ताप असाच, गोचीड चिरडल्यानं किंवा बाधित जनावराच्या रक्तानं होऊ शकतो. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये 2011 साली त्याचे रुग्ण आढळले होते. तो विरळा आहे, पण ढोरांच्या गोचिडी हातानं उपटून चिरडणाऱ्या माणसानं हे ठाऊक ठेवावं. यजमानांनाही सांगा, बैलाच्या कानातली गोचीड काढताना हातमोजे किंवा पिशवी घालावी.

मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बाटलीतली गोचीड पाहा. पुढच्या टोकाला बारीक चोच दिसली तर ती पूर्ण निघाली. पुढचा भाग सपाट किंवा फाटका असेल तर थोडं आत राहिलं असेल. जखमेत दिसणारा काळा ठिपका नेहमीच तोंड नसतो, बरेचदा गोठलेलं रक्तच असतं. तोंड वर डोकावत असेल तर चिमट्यानं एकदा धरून पाहा. सहज आलं नाही तर सोडून द्या.

मग जागा साबणानं आणि वाहत्या पाण्यानं धुवा, कोरडी करा, पोव्हिडोन आयोडीनचा एक बोळा टेकवा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापसानं दोन मिनिटं दाबून धरा. हळद, चुना, राख, तंबाखू काही नको. ते जंतू आत नेतात आणि लाली वाढते आहे का हे दिसू देत नाहीत. पट्टीची गरज नाही. हात आणि चिमटा साबणानं धुवा, चिमटा पुन्हा स्पिरिटनं पुसा. पोराला नखं कापून द्या, खाजवल्यानं जखम पिकते. एक-दोन दिवस रुपयाच्या नाण्याएवढी लाली आणि खाज राहिली तर तो चाव्याचाच परिणाम. त्यानंतरही लाली पसरत गेली, जागा गरम लागली, दुखू लागली किंवा कानाखाली गाठी आल्या, तर दवाखान्यात न्या. अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर तीव्र अॅलर्जी समजून त्याच क्षणी निघा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर झालं आहे का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्या.

एक निघाली म्हणजे एकच होती असं धरू नका. त्याच संध्याकाळी पोराला उजेडात उभं करून कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे पाहा. करदोडा घालत असेल तर तो सरकवून खालची कातडी पाहा. तिथं ती दिवसेंदिवस नजरेआड राहते.

आता दवाखान्याचं. गोचीड काढलेली तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून चौदा दिवस पुढे खूण करा. आपल्याकडे गोचिडीपासून होणारा, बघायला हवा असा आजार म्हणजे रिकेट्सिया जंतूंचा ताप, त्याला गोचीड ताप म्हणतात. तो चावल्यापासून साधारण दोन ते चौदा दिवसांत येतो. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, आणि काही दिवसांनी पुरळ. या पुरळाची ओळख अशी की ते तळहात आणि तळपायांवरही येतं. काहींना चाव्याच्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते, सगळ्यांना नाही. तुमच्या पोराची कानामागची गोचीड काढून पंधरा दिवस उलटले आणि ताप नाही, म्हणजे त्या चाव्याची ही मुदत संपत आली आहे. तरी आणखी आठवडाभर लक्ष ठेवा, विशेषतः तो गवतात, झुडपांत खेळत असेल तर. कारण स्क्रब टायफस नावाचा दुसरा ताप तीन आठवड्यांपर्यंत उशिरा येऊ शकतो. त्याची साथ 2018 मध्ये नागपूर भागात आली होती. तो गोचिडीनं होत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो. पण काळी खपली आणि औषध दोन्हींत सारखंच.

ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा, “अमुक तारखेला पोराच्या कानामागची गोचीड काढली होती.” हे न सांगता गेलात तर ताप टायफॉइडचा समजला जाऊ शकतो, आणि टायफॉइडला नेहमी देतात ती बरीच औषधं या जंतूंवर चालत नाहीत. याला डॉक्सीसायक्लिन लागतं. लहान मुलांनाही डॉक्टर ते वजनानुसार देतात, आणि लक्षणं जुळली की रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात, कारण पहिल्या आठवड्यात रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पण ताप नसताना, नुसती गोचीड चावली म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून देऊ नका. तापात पॅरासिटामॉल चालेल, अॅस्पिरिन नको. ग्लानी, उलट्या, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर उपकेंद्रात वेळ घालवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या.

मोबाइलवर शोधलंत तर चाव्याभोवती गोल कडं आणि ‘छत्तीस तासांत काढली तर भीती नाही’ असं वाचायला मिळेल. ते युरोप-अमेरिकेतल्या लाइम आजाराचं आहे. आपल्याकडे त्या कड्याची वाट पाहू नका आणि छत्तीस तासांवर विसंबू नका. ताप आणि तारीख, एवढंच पाहा.

शेवटी दारातल्या कुत्र्याचं. पोराच्या अंगावर येणारी गोचीड गुरांचीच असते असं नाही. कुत्र्यावरची तांबूस गोचीड घराच्या भिंतीच्या भेगांत, अंथरुणाच्या कडेला राहते आणि मुलांना चावते. म्हणून पशुवैद्यकांना विचारून गुरं आणि कुत्रा दोघांवर एकाच वेळी उपचार करा, कुत्र्याची झोपायची जागा बदला आणि कोठ्याच्या भेगा बुजवा. ते औषध फवारताना लेकरू जवळ नको. गोचिडी पटकन मराव्यात म्हणून गुरांचं पातळ औषध पोराच्या डोक्याला किंवा अंगाला चोळणारी माणसं आहेत. अमिट्राझसारखं औषध कातडीतून आत जातं, लेकरू सुस्त पडतं, नाडी मंदावते. चुकून लागलंच तर कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊनच दवाखाना गाठा.